काठ घट्टही नको, सैलही नको: साखळीशिवाय क्रोशाची पहिली ओळ

क्रोशाचे बहुतेक काम साखळीने सुरू होते. आधी हव्या तितक्या साखळ्या घालायच्या, मग वळून त्या साखळ्यांमध्ये पहिली ओळ विणायची, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. विणकाम पूर्ण झाल्यावर ते सपाट पसरून पाहिले की या पद्धतीतला दोष दिसतो. वरच्या ओळी मोकळ्या, एकसारख्या असतात. पण सुरुवातीचा काठ आत ओढला गेलेला असतो. शाल असेल तर तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अरुंद भरते. स्वेटर खालून सुरू केला असेल तर त्याचा घेर कमरेवर आवळतो. बाळाचे टोपरे कडेकडून सुरू केले असेल तर ते डोक्यावरून खाली उतरतच नाही. घट्टपणा टाळायला साखळी सैल घातली की उलटा प्रकार होतो. काठाला ओळीने भोके पडतात आणि तो शिडीसारखा दिसू लागतो.

या दोन्ही दोषांवरचा उपाय म्हणजे फाउंडेशन सिंगल क्रोशे. यात साखळी आधी वेगळी घालत नाहीत. प्रत्येक टाक्याबरोबर त्याच्या तळाची एक साखळी आणि तिच्यावरचा मुका खांब एकाच वेळी तयार होतात. म्हणजे पाया आणि पहिली ओळ एकत्रच विणली जाते. सिंगल क्रोशेला मराठी विणकामात मुका खांब म्हणतात. पुस्तकावरून विणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अमेरिकी पुस्तकांत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश पुस्तकांत डबल क्रोशे म्हणतात. त्यामुळे ब्रिटिश नमुन्यात हाच पाया फाउंडेशन डबल क्रोशे या नावाने सापडतो.

साधी साखळी घट्ट का होते, हे कळले तर पुढची कृती पाठ करावी लागत नाही. साखळीचा प्रत्येक टाका म्हणजे आधीच्या लूपमधून ओढून काढलेला एक लूप. साखळीत हा लूप आडवा पडतो, त्यामुळे त्याची जी लांबी तीच त्या टाक्याची रुंदी ठरते. साखळी घालताना हातात धरायला कापड नसते. दोरा हवेतच ओढायचा असतो, म्हणून हात नकळत तो आवळतो. त्यातच अनेकींची सवय लूप सुईच्या मानेवर, म्हणजे आकड्याखालच्या निमुळत्या भागावर घट्ट करण्याची असते. सुईचे माप तिच्या जाड दांड्यावरून ठरते, मानेवरून नाही. मानेवर बनलेला टाका त्या सुईच्या मापापेक्षा लहानच राहतो.

दुसरे कारण साखळीच्या बांधणीतच आहे. साखळीत दोरा एका लूपातून थेट पुढच्या लूपात जातो. मध्ये सैल असा दोरा कुठेच उरत नाही. त्यामुळे पूर्ण झालेली साखळी ओढून पाहिली तर ती फारच थोडी ताणली जाते. पुढे पहिली ओळ विणताना या आधीच आवळलेल्या प्रत्येक लूपात सुई खुपसायची आणि तिथून आणखी दोरा बाहेर काढायचा. तो दोरा मावायला लूपला जागा लागते, ती तो स्वतःच्या लांबीतून देतो. वरच्या ओळींत मात्र प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या माथ्यावर मोकळेपणाने बसतो. म्हणून वरचे कापड आपल्या मापाने रुंद होते आणि खालचा काठ मागे राहतो.

साखळीसाठी अर्ध्या किंवा एका मापाने मोठी सुई घ्यावी, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुईने विणायचे असेल तर साखळी साडेचार किंवा 5 मिलिमीटरच्या सुईने घालावी, हा सल्ला जवळपास प्रत्येक पुस्तकात मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मोठ्या सुईने साखळी लांब होते, हे खरे. पण बांधणी तीच राहते, त्यामुळे काठ ताणला जात नाही तो नाहीच. शिवाय सैल झालेल्या प्रत्येक लूपात एक भोक उरते. पहिली ओळ विणताना सुई साखळीच्या वरच्या एकाच पाकळीतून घातली तर ती पाकळी वर ओढली जाते आणि भोक आणखी मोठे दिसते. साखळी उलटी धरून तिच्या पाठीवरच्या बारीक उंचवट्यांमध्ये सुई घालण्याची पद्धत याहून चांगली. काठ स्वच्छ येतो. पण शंभर-दीडशे साखळ्यांचे उंचवटे एकेक करून शोधणे हे डोळ्यांचे काम आहे, आणि घट्टपणा त्यानेही पूर्ण जात नाही.

फाउंडेशन सिंगल क्रोशेमध्ये दोऱ्याची वाटच बदलते. तळाचा एक लूप झाला की दोरा सरळ पुढच्या तळाकडे जात नाही. तो आधी वर जातो, टाक्याचा माथा पूर्ण करतो, आणि मग पुढच्या टाक्यासाठी खाली येतो. त्यामुळे दोन तळांच्या मध्ये पूर्ण टाक्याइतका दोरा असतो. काठ ताणला की त्या दोऱ्यातला थोडासा तळाकडे सरकतो, आणि सोडला की परत जातो. वरच्या ओळी जितक्या ताणल्या जातात साधारण तितकाच हा काठही ताणला जातो. त्याचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

आता कृती. शिकण्यासाठी फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि तिला योग्य असलेली 4 किंवा साडेचार मिलिमीटरची सुई घ्यावी. काळ्या, गडद किंवा केसाळ लोकरीवर तळाचा टाका दिसत नाही, आणि या कामात तो दिसणे हेच महत्त्वाचे. सुमारे 15 सेंटीमीटर दोरा मोकळा सोडून सरकती गाठ घालावी आणि दोन साखळ्या घालाव्यात. त्यांतली पहिली साखळी थोडी सैल ठेवावी, कारण पहिला टाका तिच्यात बसणार आहे.

सुई आता या पहिल्या साखळीत घालायची, म्हणजे सुईपासून मोजली तर दुसऱ्या साखळीत. साखळीचा जो इंग्रजी व्ही दिसतो, त्याच्या दोन्ही पाकळ्यांखालून सुई जावी. दोऱ्याचा वेढा घेऊन तो त्या साखळीतून बाहेर ओढावा. सुईवर आता दोन लूप झाले. मागचा लूप आधीपासून होता. त्याला माथ्याचा लूप म्हणू. नुकताच ओढलेला पुढचा लूप हा तळाचा लूप. पुन्हा वेढा घेऊन तो फक्त तळाच्या लूपातून ओढावा. हा या टाक्याची साखळी घालण्याचा टप्पा. सुईवर अजूनही दोनच लूप आहेत: माथ्याचा लूप तसाच, आणि तळाच्या लूपच्या जागी नवा आलेला, त्याला अंगाचा लूप म्हणू. शेवटी तिसऱ्यांदा वेढा घेऊन तो दोन्ही लूपांतून एकदम ओढावा. सुईवर एक लूप उरला की पहिला टाका पूर्ण झाला.

दुसऱ्या टाक्यासाठी सुई कुठे घालायची, इथे बहुतेक जणी अडखळतात. ती वरच्या व्हीमध्ये घालायची नाही. नुकत्याच झालेल्या टाक्याच्या पायथ्याशी पाहावे. मघाशी ज्यातून वेढा ओढला तो तळाचा लूप आता तिथे एका लहान साखळीसारखा आडवा पडलेला असतो. त्याच्या दोन्ही पाकळ्यांखालून सुई घालावी आणि तेच तीन वेढे त्याच क्रमाने करावेत: ओढणे, एका लूपातून साखळी, दोन लूपांतून टाका. उजव्या हाताने विणणाऱ्याच्या समोर ही पट्टी उभी लोंबत असते. तिची डावी कड म्हणजे तळ आणि उजवी कड म्हणजे माथा. दोन्ही कडांवर साखळीसारखी वीण दिसते. म्हणून कोणती कड कोणती, हा गोंधळ सुरुवातीला होतोच. पाचसहा टाके झाले की पट्टी आडवी करून पाहावी. मुक्या खांबांची एक ओळ आणि तिच्या खाली साखळी स्पष्ट ओळखू येते.

काठाचा ताण कुठे ठरतो, ते आता सांगता येते. माथ्याचा लूप वरच्या कडेची रुंदी ठरवतो, अंगाचा लूप टाक्याची उंची ठरवतो आणि तळाचा लूप खालच्या काठाची रुंदी. म्हणजे सुई घातल्यावर जो पहिला वेढा ओढून काढायचा, तोच पुढे काठाचा एक टाका होणार असतो. ओढताना तो मानेवर अडकवून न ठेवता सुईच्या पूर्ण जाडीच्या दांड्यावर आणावा आणि माथ्याच्या लूपइतका उंच होऊ द्यावा. दोन्ही लूप दांड्यावर शेजारीशेजारी, एकाच उंचीचे आणि न आवळता बसले, तर तळ आणि माथा सारख्या रुंदीचे निघतात.

पण एवढ्याने भागत नाही. तळाचा लूप योग्य मापाचा काढला तरी पुढच्याच क्षणी तो लहान होऊ शकतो. अंगाचा लूप तळाच्या लूपातून ओढताना डाव्या हाताच्या बोटावरचा दोरा घट्ट धरलेला असेल, तर अंगाच्या लूपला हवा तो दोरा गुंड्याकडून मिळत नाही. मग तो शेजारच्या तळाच्या लूपमधून ओढून घेतला जातो, कारण दोघांचा दोरा एकच आहे. तळाचा लूप आवळतो, टाका उंच आणि अरुंद होतो. पन्नास टाक्यांवर हा थोडाथोडा चोरलेला दोरा मोजण्याइतका फरक पाडतो. म्हणून या टप्प्यावर गुंड्याकडचा दोरा बोटावरून सहज सरकला पाहिजे.

त्यासाठी डाव्या अंगठ्याचा उपयोग होतो, आणि या सवयीइतका काठ सुधारणारी दुसरी कोणतीही युक्ती नाही. साखळीचा वेढा ओढून झाला की, शेवटचा वेढा घेण्याआधी, तळाचा तो नवा लूप डावा अंगठा आणि मधले बोट यांच्या चिमटीत हलकेच धरावा. तो दोन पाकळ्यांचा, गव्हाच्या दाण्याएवढा आणि तसाच मध्ये फटीचा दिसतो. चिमटीत धरल्याने दोन गोष्टी साधतात. टाका पूर्ण करताना त्यातला दोरा ओढला जात नाही, आणि टाका पूर्ण झाल्यावर पुढे सुई कुठे घालायची ते बोटाखालीच सापडते. चिमूट इतकीच असावी की लूप हलणार नाही; दाबून धरला तर पाकळ्या चपट्या होतात आणि सुई त्यांच्यात शिरायला अडते.

भोके पडतात ती मात्र दोन वेगळ्या कारणांनी. एक म्हणजे घट्टपणाच्या भीतीने तळाचा लूप माथ्याच्या लूपपेक्षा खूप उंच ओढला जातो. अशा काठावर प्रत्येक टाक्याच्या मुळाशी सैल दोऱ्याची कमान दिसते. दुसरे आणि जास्त आढळणारे कारण म्हणजे सुई एकाच पाकळीखालून घातली जाते. चिमूट नीट धरली नाही की पुढची पाकळी सहज सुईवर येते, मागची राहून जाते. मग पुढचा सगळा टाका त्या एका पाकळीवर लोंबतो, ती ताणली जाते आणि तिच्या खाली फट उघडते. पट्टी उजेडासमोर धरली तर या फटी एका रेषेत दिसतात. अधूनमधून एखादीच फट असेल तर तेवढ्याच ठिकाणी पाकळी सुटली असे समजावे. सगळ्या ओळीत असतील तर हाताला तीच सवय लागली आहे. काही विणणाऱ्या व्हीच्या दोन पाकळ्यांऐवजी एक पाकळी आणि पाठीवरचा उंचवटा अशी जोडी घेतात. तेही चालते, काठाची पोत थोडी वेगळी येते इतकेच. पण सुरुवातीला जी जोडी घेतली ती शेवटपर्यंत तीच असावी. अर्धी ओळ एका जोडीने आणि अर्धी दुसऱ्या जोडीने विणली तर काठ मध्येच वळल्यासारखा दिसतो.

काठ घट्ट झाला की सैल, हे ठरवायला मोजपट्टीआधी हातच पुरतो. वीस टाक्यांची पट्टी विणून ती कसलाही ताण न देता टेबलावर ठेवावी. ती सरळ पडली तर तळ आणि माथा सारखे आहेत. चंद्रकोरीसारखी वाकली आणि तळ आतल्या बाजूला राहिला तर तळ घट्ट आहे. तळ बाहेरच्या बाजूला राहिला किंवा तळाची कड लाटेसारखी हलू लागली तर तळ सैल आहे. मग पट्टीची दोन टोके धरून ती हळूच ताणावी. चांगल्या पट्टीत तळ आणि माथा एकाच वेळी ताठ होतात. तळ आधी ताठ होऊन दोरीसारखा लागला आणि माथ्याकडे अजून सैलपणा उरला, तर पुढे वाढत जाणाऱ्या कापडात तोच काठ आवळणार, हे नक्की.

सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या टोपऱ्याचे उदाहरण घेऊ. डोक्याचा घेर 43 सेंटीमीटर असेल तर टोपरे नीट बसण्यासाठी त्याची कड सुमारे 40 सेंटीमीटर ठेवतात. उरलेले तीन सेंटीमीटर कापडाने ताणून द्यायचे असतात. समजा 4 मिलिमीटरच्या सुईने विणताना 10 सेंटीमीटरमध्ये 18 मुके खांब बसतात. म्हणजे 40 सेंटीमीटरसाठी 72 टाके लागतील. ही संख्या सोयीची आहे, कारण टोपऱ्याचा माथा मिटवताना प्रत्येक फेरीत 6 टाके कमी केले तर अकरा फेऱ्यांत 6 टाके उरतात आणि ते दोऱ्याने ओढून बंद करता येतात.

72 टाके घालण्याआधी 20 टाक्यांचा तुकडा विणून पाहावा. फाउंडेशन सिंगल क्रोशेचे 20 टाके, त्यावर मुक्या खांबांच्या चार ओळी. मग काठ आणि चौथी ओळ दोन्ही मोजावीत. ओळ सुमारे 11 सेंटीमीटर भरायला हवी. काठही तितकाच असेल, किंवा एकदोन मिलिमीटरचाच फरक असेल, तर हात बरोबर आहे. काठ 10 सेंटीमीटरच भरला तर तो एक सेंटीमीटरने कमी आहे. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण 72 टाक्यांत तो साडेतीन सेंटीमीटरहून जास्त होतो आणि 40 ऐवजी 36 सेंटीमीटरची कड हातात येते. ती बाळाच्या कपाळावर वळ उठवते. असे झाले तर सुई बदलण्याआधी तळाचा लूप दांड्यावर येतो का आणि चिमूट वेळेवर धरली जाते का, हे तपासून दुसरा तुकडा विणावा. दोन-तीन तुकड्यांनंतरही फरक राहिला तरच फक्त या पहिल्या ओळीसाठी अर्ध्या मापाने मोठी सुई घ्यावी. काठ बाहेर फाकत असेल तर उलट, अर्ध्या मापाने लहान.

मोजणीतली एक चूक वारंवार होते. सुरुवातीच्या दोन साखळ्यांपैकी पहिली पहिल्या टाक्याचा तळ होते आणि दुसरी त्याच्या कडेला उभी राहते. ही दुसरी साखळी टाका म्हणून धरायची नाही. माथ्यावरचे व्ही मोजावेत. 72 व्ही म्हणजे 72 टाके. मागेपुढे वळून विणताना दुसरी ओळ संपत आली की ही साखळी शेवटच्या टाक्यासारखी दिसते, तिच्यातही एक खांब घातला जातो, आणि एक टाका वाढतो. पुढे कापड एका बाजूने रुंद होऊ लागले की कारण इथे शोधावे. टाके मोजत जायचे तर दर वीस टाक्यांनंतर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवून ठेवावी. साध्या साखळीत ओळ संपताना एक साखळी कमी पडली तर सगळे उसवावे लागते. इथे तो त्रास नाही, कारण टाका कमी निघाला तर तिथल्या तिथे आणखी एक विणता येतो.

टोपऱ्यासाठी पट्टी गोल जोडायची असते. साध्या साखळीचे टोक जोडताना तिला पीळ पडला तरी तो कळत नाही, दोन-तीन फेऱ्या झाल्यावर कळतो. ही पट्टी एक ओळ उंच असल्यामुळे पीळ लगेच दिसतो. सगळा तळ एका दिशेला आहे हे पाहून घ्यावे आणि पहिल्या टाक्याच्या माथ्यात सरकता टाका घालून घेर पूर्ण करावा. माथे जोडले गेले तरी तळ अजून सुटा आहे, तिथे एक टाका उंचीची चीर उरते. सुरुवातीला सोडलेला 15 सेंटीमीटर दोरा इथे कामी येतो. तो बोथट सुईत ओवून शेवटच्या टाक्याच्या तळाच्या व्हीखालून न्यावा, परत पहिल्या टाक्याच्या तळात आणावा आणि लूप बाकीच्या काठाइतकाच सैल ठेवावा. दोरा करकचून ओढला तर इतक्या काळजीने राखलेल्या काठावर नेमकी तीच जागा आवळलेली दिसते.

सुरुवातीचा कोपरा हा या पद्धतीतला खरा दुबळा भाग आहे. सरकत्या गाठीमुळे पहिला टाका बाकीच्यांपेक्षा लहान आणि थोडा तिरका दिसतो. गाठ आवळून पहिल्या साखळीला चिकटवली की तो आणखी बिघडतो. गाठ सुईवर सहज सरकेल इतकीच घट्ट ठेवावी. पहिले दोन-तीन टाके वेडेवाकडे आले म्हणून उसवू नयेत, कारण चौथ्या-पाचव्या टाक्यानंतर पट्टीला पकड येते आणि मागचे टाके बरेचसे सरळ होतात. मग उरलेला फरक शेपटाचा दोरा आत लपवताना एका टाक्याने झाकता येतो.

हेच तंत्र ओळीच्या शेवटी टाके वाढवायलाही वापरतात. झबल्याच्या बाहीसाठी अंगाच्या ओळीला कडेने 15 टाके जोडायचे असतील तर तिथे साखळी लोंबती घालून मग तिच्यात परत येण्याची गरज नाही. ओळीचा शेवटचा मुका खांब झाला की त्याच्या पायथ्याशी, बाहेरच्या कडेला दिसणाऱ्या दोन दोऱ्यांत सुई घालावी आणि तिथून पुढे नेहमीसारखे फाउंडेशन टाके सुरू करावेत. नवे टाके त्याच ओळीच्या उंचीचे आणि त्याच ताणाचे निघतात, त्यामुळे काखेत भोक राहत नाही.

काही कामांना ही पद्धत लागू पडत नाही. मध्यापासून गोल वाढणारे रुमाल आणि टेबलावरची फुले यांना काठ सुरुवातीला नसतोच. जाळीच्या नमुन्यात पायातल्या बऱ्याच साखळ्या सोडून मधूनच खांब घातले जातात; तिथे मुक्या खांबांची भरीव ओळ नको असते, साधी साखळीच हवी. पिशवीच्या बंदासारख्या ताणू नये अशा वस्तूत साध्या साखळीचा न ताणण्याचा गुण उपयोगी पडतो, तिथे काठ लवचीक करून नुकसानच होते. बारीक सुती दोऱ्याच्या तोरणांत मात्र ही पद्धत उत्तम चालते, फक्त तळाच्या पाकळ्या शोधायला उजेड चांगला हवा. वेळेचा प्रश्न असेल तर फाउंडेशनचा प्रत्येक टाका साध्या साखळीपेक्षा सावकाश होतो, पण तो झाला की पहिली ओळही झालेली असते.

सवय लागेपर्यंत पहिले शे-दीडशे टाके हळू जातात. चौथ्या-पाचव्या पट्टीनंतर चिमूट आपोआप योग्य वेळी बसते. तेव्हा नव्या लोकरीचा गुंडा उघडला की आधी 20 टाक्यांचा तुकडा विणून काठ मोजावा, आणि तो बरोबर भरल्यावरच खऱ्या कामाचे टाके घालायला घ्यावेत.